पिवळ्या दिव्यापाशी अडलेलं मशीन

पंखे फिरतायत, पण स्क्रीन काळाच. अशा वेळी "बोर्ड गेलं" असं म्हणून लोक मोकळे होतात. मंडळी, त्याआधी एकदा केसचं झाकण काढून मदरबोर्डच्या कडेला बघा. बऱ्याच बोर्डांवर तिथे चार बारीक दिवे असतात : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. चालू होताना बोर्ड प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि शेवटी डिस्क याच क्रमाने तपासतं. टप्पा पार झाला की त्याचा दिवा विझतो. जो पेटून राहिला, तिथे गाडी अडली.

पण एक लक्षात ठेवा. दिवा फक्त अडलेली जागा सांगतो, बिघडलेला पार्ट नाही.

अंबाजोगाईला माझ्या मामेभावाचा फोटो स्टुडिओ आहे. ऐन लग्नसराईत त्याचं मशीन बसलं. दुकानदार म्हणाला, नवीन बोर्ड घ्या. मी पुण्यात, तो फोनवर. "दादा, दुसरा पिवळा दिवा लागून राहिलाय." म्हणजे डीरॅम.

आधी पॉवर सप्लायचं बटण बंद करून प्लग काढायला लावला आणि पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरायला सांगितलं. मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. स्टुडिओ रस्त्यालगत, त्यामुळे धूळ भरपूर. सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच घासून पुसली, स्लॉटमधली धूळ ब्रशने काढली. मग एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या, ए-२ स्लॉटमध्ये 'खट्' आवाज येईपर्यंत बसवली.

चालू केलं, तर पुन्हा तोच पिवळा दिवा! भाऊ बंद करायला निघाला होता, त्याला थांबवलं. रॅम डीडीआर-५ होती. पट्टी बदलली की बोर्ड मेमरीचं टायमिंग नव्याने जुळवतं. त्याला ट्रेनिंग म्हणतात आणि तोवर डीरॅमचा दिवा पेटलेलाच राहतो. याला काही मिनिटं लागतात, रॅम जास्त असेल तर दहा-पंधराही. मध्येच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मशीन आधीच इन्व्हर्टरवर घ्यायला लावलं होतं, लाइटीचा काय भरवसा!

चारेक मिनिटांनी दिवा विझला आणि स्क्रीन आली. दुसरी पट्टीही त्याच स्लॉटमध्ये एकटी चालली, मग दोन्ही मिळून चालल्या. म्हणजे पार्ट एकही गेला नव्हता, कॉन्टॅक्ट सुटला होता. बोर्डाचा खर्च वाचला आणि डिस्कवरचे लग्नाचे फोटोही जागेवर होते.

दोन्ही पट्ट्या एकेकट्या चालल्या नसत्या, तर मी सीमॉस क्लिअर करून बघितलं असतं. तरीही नाहीच, तर संशय प्रोसेसरच्या सॉकेटवर. कारण मेमरी कंट्रोलर हल्ली प्रोसेसरमध्येच असतो. तिथली एक पिन वाकली तरी दिवा डीरॅमचाच लागतो. हे मात्र फोनवरून करायचं काम नाही.