घरची महागाई

एखाद्या घराचा महागाई दर म्हणजे त्या घराने वर्षापूर्वी जे सामान जितके विकत घेतले, तेच सामान तितकेच आज घ्यायला किती टक्के जास्त पैसे लागतात, याचा हिशेब. सरकारी आकडा हाच हिशेब देशभराच्या एका सरासरी टोपलीवर करतो. घर तो स्वतःच्या टोपलीवर करते. त्यासाठी लागणारी साधने बहुतेक घरांत असतात: किराणा दुकानाच्या पावत्या, दुधाचा हिशेब, लाईट बिल, गॅसची पावती. अडचण साधनांची नसते. पावतीवरच्या बेरजेत भाव आणि वापर एकमेकांत मिसळलेले असतात. ते वेगळे केल्याशिवाय महागाई मोजता येत नाही.

म्हणून पहिले काम बेरीज बाजूला ठेवण्याचे. प्रत्येक वस्तूपुढे दोन गोष्टी लिहाव्या लागतात: किती घेतली, आणि किलोला, लिटरला किंवा युनिटला काय भावाने घेतली. वाण्याच्या चिठ्ठीवर अनेकदा नुसते ‘डाळ 340’ असते. दोन किलो घेतली की अडीच, हे महिन्याभराने कोणालाच आठवत नाही. मोठ्या दुकानांच्या छापील पावत्या तपशीलवार असतात, पण त्यांचा कागद उष्णतेने छपाई होणारा असल्याने काही महिन्यांत पांढरा पडतो. पावती आली त्याच दिवशी भाव वहीत उतरवून घेतला तरच वर्षाअखेर काही हाती लागते. मंडईतल्या भाजीला पावतीच नसते. मोबाइलवरून पैसे दिले तर रक्कम नोंदली जाते, भाव नाही. भाजीचे भाव आठवड्यातल्या एका ठरावीक दिवशी विचारून लिहून ठेवणे हाच तिथला उपाय.

पाकीटबंद मालात आणखी एक मेख आहे. किंमत तीच राहते आणि आतले वजन कमी होते. खाद्यतेलाच्या पिशव्या याचे ठळक उदाहरण आहेत. एक लिटर तेल सुमारे 910 ग्रॅम भरते, पण दुकानात त्याहून कमी वजनाच्या पिशव्याही तशाच आकाराच्या दिसतात. 850 ग्रॅमची पिशवी जुन्या पूर्ण लिटरच्या भावाला मिळत असेल, तर ती सुमारे 7 टक्के भाववाढ आहे, पावतीवर ती दिसत नाही एवढेच. पाकिटावर दर ग्रॅम किंवा दर मिलिलिटर किंमत छापण्याचा नियम आहे. वहीत तीच उतरवावी.

लाईट बिलाचा भाव काढणे सर्वांत फसवे असते. रक्कम भागिले युनिट केले की दर मिळतो, असे वाटते. पण महाराष्ट्रात घरगुती वीज टप्प्यांनी आकारली जाते. 100 युनिटपर्यंत एक दर असतो आणि 101 ते 300 या टप्प्यात तो बराच वर जातो. शिवाय बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क असते. समजा एका एप्रिलमध्ये 150 युनिटचे बिल 1,500 रुपये आले आणि पुढच्या एप्रिलमध्ये 200 युनिटचे 2,200. सरासरी दर युनिटला 10 रुपयांवरून 11 वर गेला, म्हणजे वीज 10 टक्क्यांनी महागली असे दिसते. प्रत्यक्षात वाढलेले 50 युनिट सगळेच महाग टप्प्यात पडले आहेत. योग्य रीत अशी की पहिल्या वर्षाचे 150 युनिट धरून नव्या दरांनी बिल पुन्हा मांडायचे. ते 1,530 रुपये येत असेल, तर विजेची महागाई 2 टक्के. उरलेली वाढ वापराची.

भाव असे स्वच्छ झाले की गणित सोपे आहे. जुने परिमाण कायम ठेवून जुन्या आणि नव्या भावांनी टोपलीची किंमत काढायची आणि दोहोंची तुलना करायची. जर्मन अर्थशास्त्रज्ञ एतिएन लास्पेर्स यांनी 1871 मध्ये मांडलेली हीच रीत जगभरच्या किंमत निर्देशांकांच्या मुळाशी आहे.

डोंबिवलीतल्या तीन माणसांच्या एका घराचा हिशेब उदाहरणादाखल मांडता येईल. त्यातले सिलिंडरचे भाव एप्रिल 2024 आणि एप्रिल 2025 मधले मुंबईचे आहेत, बाकीचे मानलेले. हे घर महिन्याला 45 लिटर दूध घेते. लिटर 56 रुपयांवरून 58 वर गेले, म्हणजे 2,520 चे 2,610 झाले. 10 किलो तांदूळ 60 वरून 64 रुपयांवर गेला: 600 चे 640. तीन किलो तूरडाळ 170 वरून 130 रुपयांवर उतरली: 510 चे 390. चार लिटर सूर्यफूल तेल 115 वरून 150 वर चढले: 460 चे 600. सिलिंडर 802.50 वरून 852.50 झाला, आणि 150 युनिट वीज वरच्याप्रमाणे 1,500 वरून 1,530. जुनी बेरीज 6,392.50 आणि नवी 6,622.50. फरक 230 रुपये, म्हणजे महागाई 3.6 टक्के.

त्याच एप्रिलमध्ये या घराच्या खिशातून मात्र 7,616.50 रुपये गेले असतील. घरात कूलर आल्याने वीज 200 युनिट झाली, पाहुण्यांमुळे दूध 48 लिटर आणि तेल पाच लिटर लागले. खर्च 1,224 रुपयांनी, म्हणजे 19 टक्क्यांनी वाढला. त्यातले 230 रुपये भावाचे आणि 994 रुपये वापराचे. ‘महागाई वीस टक्क्यांनी वाढली’ ही घरोघरची तक्रार पुष्कळदा या दोन रकमांच्या बेरजेतून येते. पैसे खरोखरच गेलेले असतात, पण त्यांतल्या मोठ्या भागाचा बाजारभावाशी संबंध नसतो.

याच हिशेबात भाराचे महत्त्वही दिसते. तेल 30 टक्क्यांनी महागले आणि तूरडाळ साडेतेवीस टक्क्यांनी स्वस्त झाली. पण टोपलीत तेलाचा वाटा 7 टक्के आणि डाळीचा 8 टक्के. म्हणून तेलाने एकूण दरात 2.2 टक्क्यांची भर घातली आणि डाळीने 1.9 टक्के काढून घेतले. दोघांनी मिळून जवळजवळ काहीच केले नाही. उलट दूध जेमतेम साडेतीन टक्क्यांनी वाढले, तरी टोपलीतला 39 टक्के वाटा त्याचा असल्याने एकट्या दुधाने 1.4 टक्क्यांची भर घातली. चर्चा तेलाच्या भावाची होते आणि महिन्याचे गणित दुधाच्या लिटरमागे दोन रुपये हलवतात. सहा वस्तूंच्या टक्केवारीची सरळ सरासरी काढली असती, तर उत्तर 4.2 आले असते. ते चूकच, कारण त्यात तीन किलो डाळ आणि 45 लिटर दूध यांना सारखेच वजन मिळते.

परिमाण कोणत्या वर्षाचे धरावे, यानेही उत्तर थोडे बदलते. नव्या वर्षाची परिमाणे घेतली तर हे घर 3.9 टक्क्यांवर जाते. एरवी नव्या परिमाणांनी दर कमी येतो, कारण माणसे महागलेली वस्तू कमी घेतात. इथे महागलेले तेलच जास्त लागले, म्हणून उलटे झाले. दोन्ही उत्तरे जवळ असतील तर हिशेब विश्वासार्ह समजावा. ती फार दूर गेली तर घराची खरेदीच बदलली आहे आणि जुनी टोपली आता त्या घराची राहिलेली नाही.

एप्रिल 2025 मध्ये देशाचा किरकोळ महागाई दर, मागील एप्रिलशी तुलना करता, 3.16 टक्के होता. डोंबिवलीच्या घराचे 3.6 त्याच्या जवळ दिसतात, पण ही जवळीक बव्हंशी योगायोगाची आहे. त्या वेळी वापरात असलेल्या 2012 आधारवर्षाच्या मालिकेत शहरी टोपलीत खाद्यपदार्थ आणि पेये यांचा भार 36.29 टक्के, इंधन आणि विजेचा 5.58 टक्के, तर घरभाड्याचा 21.67 टक्के होता. किराणा आणि बिलांतून काढलेला दर म्हणजे या टोपलीचा निम्म्याहून कमी भाग. कपडे, औषधे, शाळेची फी, रेल्वेचा पास त्यात नाहीत. घरच्या किराण्याची तुलना करायचीच, तर ती सरकारी खाद्य महागाईशी करावी. ती त्या महिन्यात 1.78 टक्के होती.

तुलनेसाठी महिना तोच असावा लागतो. एप्रिलचा कांदा आणि नोव्हेंबरचा कांदा यांच्यातला फरक हंगामाचा असतो, महागाईचा नव्हे. एकाच महिन्यावर भिस्त ठेवणेही धोक्याचे. ऑक्टोबर 2024 मध्ये भाजीपाला आधीच्या ऑक्टोबरपेक्षा 42.18 टक्क्यांनी महागला होता. त्या एकाच महिन्याच्या पावत्या घेऊन बसलेल्या घराला वर्षभराची महागाई भलतीच मोठी वाटली असती. बाराही महिन्यांचे दर काढून त्यांची सरासरी घेतली की असे धक्के मुरतात. त्यासाठी एका वर्षाच्या पावत्या पुरत नाहीत. पहिल्या वर्षाच्या पावत्या टोपली आणि जुने भाव देतात, दुसरे वर्ष नवे भाव देते. हाती फक्त एका वर्षाच्याच पावत्या असतील, तर पहिला महिना आणि तेराव्या महिन्यातले भाव एवढीच एक तुलना शक्य होते.

टोपलीही कायम एकच राहत नाही. नव्या संसारात घरभाडे आणि प्रवास जड असतात. मूल आले की दुधाचा वाटा फुगतो, मग काही वर्षांत फीचा. मुले बाहेर पडली की सिलिंडर महिन्याऐवजी दीड महिना पुरू लागतो आणि औषधांचे बिल किराण्याच्या शेजारी येऊन बसते. त्याच घराचा महागाई दर तेव्हा वेगळ्याच गोष्टींवर हलतो. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांना घाऊक महागाईच्या प्रमाणात दर एप्रिलमध्ये वाढ मिळते. 2023 मध्ये ती 12.12 टक्के होती आणि 2024 मध्ये जवळपास शून्य. रोज गोळ्या घेणाऱ्या वृद्ध दांपत्याला हे वळण जाणवते, पंचविशीतल्या जोडप्याला त्याचा पत्ताही नसतो. निवृत्तिवेतनावरचा महागाई भत्ता मात्र औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर ठरतो, त्या दांपत्याच्या टोपलीवर नाही. म्हणून घरची टोपली दर चार-पाच वर्षांनी, किंवा घरात माणूस वाढला वा कमी झाला की, नव्याने मांडावी लागते. नव्या टोपलीचा दर जुन्या दरापुढे सरळ जोडता येत नाही. बदलाच्या वर्षात दोन्ही टोपल्यांचे दर काढून ठेवावे लागतात.

या आकड्याचा उपयोग मर्यादित पण नेमका आहे. पुढच्या वर्षाचे घरखर्चाचे पैसे किती वाढवून ठेवायचे, मुदत ठेवीचे व्याज या घरापुरते महागाईच्या वर आहे की खाली, आणि वाढलेल्या खर्चापैकी किती आपल्या हातात होते, एवढे त्यातून कळते. देशातली महागाई खरी किती, याचा निवाडा एका घराच्या वहीतून होत नाही.