मग हे सारे कोणाचे?

मूल नसलेल्या घराला विचारले जाणारे प्रश्न वयाप्रमाणे बदलतात. लग्नानंतर काही वर्षे ‘गोड बातमी कधी?’ असे विचारतात. पुढे डॉक्टरांचे आणि तीर्थस्थानांचे पत्ते सुचवले जातात. चाळिशीनंतर ‘दत्तक का घेत नाही?’ हे ऐकावे लागते, आणि साठी उलटली की शेवटचा प्रश्न येतो : ‘मग हे सारे कोणाचे?’ कर्जतच्या आमच्या घरात हे चारही प्रश्न येऊन गेले.

आमच्या तपासण्या झाल्या तेव्हा कारण माझ्याकडे निघाले. ते मी आईला आणि भावांना त्याच आठवड्यात स्पष्ट सांगितले. तरीही खोपोलीला नात्यातल्या डोहाळजेवणात ओटी भरायला माझ्या पत्नीला कोणी पुढे बोलावले नाही. ‘बिचारी’ हा शब्द तिलाच चिकटला, मला कधीच नाही. काही वडीलधारे ‘अंतराय कर्माचा उदय’ म्हणून सुस्कारा टाकत. कर्मसिद्धान्त आत्मपरीक्षणासाठी आहे, शेजाऱ्याचा ताळेबंद मांडण्यासाठी नाही, एवढेच मी म्हणत असे.

वास्तविक या दयेला आपल्या धर्मात आधार नाही. पुत्राने पिंड दिल्याखेरीज पित्याला गती नाही, ही कल्पना जैन विचारात बसत नाही. प्रत्येक जीव आपले कर्म आपणच भोगतो आणि आपणच क्षीण करतो. म्हणूनच ब्रिटिश काळातील न्यायालयांनीही जैनांमधील दत्तकविधान हा धार्मिक नव्हे, तर लौकिक व्यवहार मानला. त्याच्याही कितीतरी आधी, बाराव्या शतकात, गुजरातेत निपुत्रिक मरणाऱ्याची संपत्ती राजकोशात जमा करण्याची प्रथा होती. रडणाऱ्या विधवेचे धन म्हणून ती ओळखली जाई. हेमचंद्राचार्यांच्या प्रभावाखाली राजा कुमारपालाने ती बंद केली.

शेवटचा प्रश्न मात्र मला बोचला नाही, कारण बँकेत त्याचे उत्तर मी रोज पाहत होतो. मृत्युपत्र नसेल तर उत्तर कायदा देतो. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. अपत्य नसलेला पुरुष मृत्युपत्र न करता गेला आणि त्याची आई हयात असेल, तर त्याची संपत्ती पत्नी आणि आई यांच्यात समान वाटली जाते. स्त्रीचा नियम वेगळा आहे. पती आणि अपत्य नसलेल्या स्त्रीची स्वकष्टार्जित संपत्ती प्रथम पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता तेवढी तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

याचा अर्थ नारायणीदेवींच्या प्रकरणात दिसतो. लग्नानंतर अवघ्या तीन महिन्यांत त्या विधवा झाल्या आणि सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढले. माहेरच्यांनी त्यांना शिकवले, त्या नोकरीला लागल्या. 1996 मध्ये मृत्युपत्र न करता त्या वारल्या. बँकेतील ठेवी आणि भविष्य निर्वाह निधी त्यांच्या स्वतःच्या कमाईचा होता. आईने हक्क सांगितला. पण सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ती संपत्ती पतीच्या बहिणीच्या मुलांना दिली. सहानुभूतीने कायदा बदलत नाही, असा न्यायालयाचा रोख होता.

आमच्या घरात हे नेमके लागू पडते. माझ्यामागे पत्नीची सेवा बहुधा तिची धाकटी बहीण करील. पत्नीने लिहून ठेवले नाही, तर तिच्या शिकवण्यांतून जमलेले पैसेही माझ्या पुतण्यांकडे जातील आणि बहिणीला काही मिळणार नाही. ‘खात्यावर नॉमिनी लावला आहे’ असे अनेकजण समाधानाने सांगतात. पण नॉमिनीला बँक रक्कम सुपूर्द करते, एवढेच. वारसांसाठी तो तिचा विश्वस्त असतो, मालक नव्हे.

म्हणून आम्ही दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्रे केली. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. आम्ही मात्र वाद टाळण्यासाठी ती केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही केली आणि त्यांनी आमच्यासमोर सह्या केल्या. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार केले नाही. दोघांपैकी जो मागे राहील त्याला सर्व, आणि त्याच्यानंतर कोणाला काय, हे दोन्ही कागदांत लिहिले आहे. पुतण्यांनाही वाटा आहे, आणि तो त्यांना आजच ठाऊक आहे.

आता कोणी विचारले, ‘मग हे सारे कोणाचे?’ तर पत्नीच उत्तर देते, ‘लिहून ठेवले आहे.’ पुढचा प्रश्न सहसा येत नाही.