उठलं की दुखतं, पडलं की थांबतं

सिझेरियन झालेल्या बाळंतिणीच्या खाटेशी गेलो की उशी हमखास खुर्चीवर ठेवलेली दिसते. सासूबाई सांगतात, "कमरेत इंजेक्शन दिलंय न्हवं, चोवीस तास डोकं उचलायचं न्हाई." ही समजूत आमच्याच व्यवसायाने पसरवली. जुन्या जाड सुयांच्या काळात आम्हीही असेच सांगत होतो. आडवे पडल्याने या सुईनंतरची डोकेदुखी थांबते हे खरे, पण ती टळत नाही. भूल उतरल्यावर, पायांत ताकद आल्यावर नर्सच्या आधाराने बाळंतीण उठली तर काही बिघडत नाही. उशी तर खुशाल द्यावी.

ही डोकेदुखी कमरेतल्या भुलीइतकीच जुनी. 1898 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या कील शहरात आउगुस्ट बीअर या शल्यविशारदाने मणक्यातली भूल स्वतःवर करून पाहायची ठरवली. सहाय्यक हिल्डेब्रांटने सुई घातली, पण सिरिंज सुईवर नीट बसेना आणि मज्जाजल बरेच वाहून गेले. मग बीअरने हिल्डेब्रांटला भूल दिली. संध्याकाळी दोघे जेवले, सिगार ओढले. पुढे बीअरला नऊ दिवस अंथरूण धरावे लागले. उठले की डोके ठणके, पडले की थांबे, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपत राहते, हा त्याचा तर्कही बरोबर होता.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती साधारण दीडशे मिलिलिटर मज्जाजल असते. सुमारे चौदाशे ग्रॅमचा मेंदू त्यात तरंगतो, म्हणून त्याचे जाणवणारे वजन पन्नासेक ग्रॅमच उरते. कमरेतल्या आवरणाला पडलेले छिद्र लवकर बुजले नाही, तर हे पाणी बाहेर झिरपते. माणूस बसला की गच्चीवरच्या टाकीचा दाब जसा तळमजल्याच्या नळाला जास्त, तसा साऱ्या उभ्या स्तंभाचा दाब कमरेतल्या छिद्रावर येतो आणि गळती वाढते. वर आधार कमी झालेला मेंदू किंचित खाली येतो, त्याची आवरणे ताणली जातात. पाण्याची उणीव भरून काढायला रक्तवाहिन्या फुगतात. दोन्हींनी डोके दुखते. आडवे झाले की स्तंभच उरत नाही आणि ताण काही मिनिटांत ओसरतो. छिद्र मात्र तसेच असते.

कागलकडच्या एका तरुण बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी बघायला बोलावले. "पडल्यावर काय बी न्हाई, पण बाळाला घेऊन बसलं की डोकं फुटतंय बघा." कपाळ आणि मान दोन्हीकडे दुखत होते, कानात दडे बसल्यासारखे वाटत होते. उताणे झोपवल्यावर पाचेक मिनिटांत चेहरा सैल झाला. तरीही रक्तदाब, ताप, नजर, हातापायांची ताकद सगळे तपासले. कारण बाळंतपणानंतर वाढलेला रक्तदाब किंवा मेंदूच्या शिरेतली गुठळीही डोकेदुखीनेच सुरू होते, आणि सगळे खापर कमरेतल्या सुईवर फोडले की ही कारणे नजरेतून निसटतात. हिचे सारे ठीक होते.

पॅरासिटामॉल, पुरेसे पाणी, थोडी कॉफी आणि आडवे पडून दूध पाजायची सवय, एवढ्यावर बहुतेकींचे आठवड्याभरात भागते. हिचे भागेना. दुसऱ्या दिवशीही तिला बसून जेवता येईना, बाळाला घेता येईना. असे झाले की 'सोसा थोडं' म्हणणे मला पटत नाही.

तिला 'ब्लड पॅच' दिला. एका डॉक्टरने हाताच्या शिरेतून निर्जंतुक पद्धतीने रक्त काढले, दुसऱ्याने कमरेतच, पण आवरणाच्या बाहेरच्या पोकळीत ते सावकाश सोडले. वीस मिलिलिटरपर्यंत देतो. कमरेत दाटल्यासारखे वाटले की थांबतो. रक्त गोठून छिद्रावर बसते. ताप, संसर्ग किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर हे करत नाही. दोनेक तास पडून राहिल्यावर ती बसली आणि चहा मागितला. सगळ्यांनाच इतका झटपट आराम पडत नाही. काहींना दुखणे नुसते कमी होते, काहींना पॅच पुन्हा द्यावा लागतो.

ही वेळ येऊ नये म्हणून खरा उपाय सुईत आहे. धारदार टोकाची सुई आवरण कापते, पेन्सिल-पॉइंट सुई तंतू बाजूला सारते. पंचविसाव्या किंवा सत्ताविसाव्या नंबरच्या अशा सुईने डोकेदुखी फार कमी होते. ती थोडी महाग पडते, तरी तरुण बायकांत मी दुसरी वापरत नाही. तपासणीसाठी कमरेतून पाणी काढतानाही हाच नियम लागतो.

डोकेदुखी पडल्यावरही थांबेनाशी झाली, ताप आला, झटका आला, एकाचे दोन दिसू लागले, हात किंवा पाय लुळा पडला किंवा शुद्ध हरपू लागली, तर फोनवर गोळी विचारू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात जा. आणि कुठेही गेलात तरी कमरेत सुई कधी दिली होती, हे तिथल्या डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.