वहीतला निधी आणि खात्यातला निधी

2023 च्या जानेवारीत, संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील, माझे थोरले बंधू दादा यांना पहाटे छातीत दुखू लागले आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पाच दिवसांत ते सुखरूप घरी आले. बिल एक लाख बासष्ट हजारांचे झाले. कुटुंबाची आरोग्य विमा पॉलिसी होती. परंतु तिची मुदत 10 जानेवारीस संपली होती आणि नूतनीकरणाचा हप्ता भरावयाचा राहिला होता. पुतण्याने तो दादा रुग्णालयात असतानाच भरला. तीस दिवसांची सवलतीची मुदत असल्यामुळे पॉलिसी खंडित झाली नाही, पूर्वीच्या वर्षांची सलगताही टिकली. दाव्याची रक्कम मात्र मिळाली नाही.

यात विमा कंपनीचा दोष नव्हता. आयुर्विम्यात सवलतीच्या मुदतीतही संरक्षण चालू राहते; वर्षाचा हप्ता एकरकमी भरावयाच्या आरोग्य विम्यात ते राहत नाही. मुदत संपल्यापासून हप्ता भरेपर्यंतचे दिवस उघडे पडतात आणि त्या दिवसांतील आजार पदरचा ठरतो. हा फरक मी बँकेत असताना कित्येक खातेदारांना समजावून सांगितला होता. घरी सांगावयाचा राहिला.

हप्ता छत्तीस हजारांचा होता आणि दुकानात पैसा नव्हता असेही नाही. दादांचे कापडाचे दुकान आहे. डिसेंबरात लगीनसराईचा माल भरला गेला, उधारी मार्चपूर्वी सुटणार नव्हती आणि कॅश क्रेडिटची मर्यादा काठोकाठ वापरलेली होती. आपल्या व्यापारी घरांत पैसा स्वस्थ बसू द्यायचा नाही, ही शिकवण लहानपणापासून मिळते. ती व्यापाराला उत्तम आहे. परंतु विम्याचा हप्ता, शाळेची फी, पर्युषण आणि दिवाळी हे चारही खर्च तारखेला बांधलेले असतात आणि कापडाचा तागा तारखेला विकला जात नाही.

दादांनी दिलेले उत्तर मला आजही आठवते. ते म्हणाले, "अरे, मी तर वहीत वर्षाच्या खर्चाचे वेगळे खाते घातले आहे. दरमहा रक्कम त्यात जमा धरतो." मी वही पाहिली. खाते होते, सुवाच्य अक्षरात होते आणि त्यावर चाळीस हजारांवर शिल्लकही दिसत होती. ती शिल्लक कोठे होती? मांडणीवर, कापडाच्या रूपाने.

एम.कॉम.ला असताना सिंकिंग फंडाची गणिते आम्ही घोकून केली होती. एखाद्या कंपनीला दहा वर्षांनी कर्जरोखे फेडावयाचे असतील, तर ती दरवर्षी नफ्यातून ठराविक रक्कम निधीत वर्ग करते. विद्यार्थी तेवढे लक्षात ठेवतात आणि जोडीचे दुसरे खाते विसरतात. ते निधीच्या गुंतवणुकीचे खाते. जेवढी रक्कम निधीत वर्ग झाली, तेवढीच रोख धंद्याबाहेर नेऊन गुंतवावयाची असते. पहिले खाते केवळ हेतू सांगते. पैसा दुसऱ्या खात्यात असतो. दादांच्या वहीत पहिले खाते होते, दुसरे नव्हते.

त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर, ज्ञानपंचमीला, पुतण्या व वहिनी आमच्याकडे बसल्या आणि आम्ही मागील वर्षाच्या पावत्या पुढ्यात मांडल्या. पुढील वाढ धरून आकडे असे ठरले: आरोग्य विमा जानेवारीत छत्तीस हजार, आयुर्विमा मार्चमध्ये अठ्ठेचाळीस हजार, दोन मुलांची फी जूनमध्ये चौऱ्याऐंशी हजार, पर्युषण सप्टेंबरात तीस हजार, दिवाळी ऑक्टोबरात बेचाळीस हजार. एकूण दोन लाख चाळीस हजार. बारांनी भागले की महिना वीस हजार. पुतण्या उठू लागला. मी म्हणालो, "बस जरा, खरा हिशेब आता आहे."

बेरीज बरोबर असली तरी निधी मध्येच कोरडा पडू शकतो. नोव्हेंबरपासून दर महिन्याच्या 5 तारखेला वीस हजार जमा केले, तर जानेवारीत साठ होतात आणि हप्ता भरून चोवीस उरतात. मार्चमध्ये चौसष्ट होतात, सोळा उरतात. जूनमध्ये शहात्तर होतात आणि फी आहे चौऱ्याऐंशी. आठ हजार कमी! वर्षअखेर हिशेब जुळणारच आहे, पण शाळा वर्षअखेरपर्यंत थांबत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी आठ हजारांची जादा ठेव घालावी लागते. मग जूनमध्ये शिल्लक नेमकी शून्यावर येते आणि ऑक्टोबरअखेर ते आठ हजार पुन्हा हातात दिसतात. ते खर्चावयाचे नसतात. पुढच्या जूनसाठी ते तळाशी पडून राहिले पाहिजेत.

याच खर्चांसाठी सुरुवात एप्रिलमध्ये केली असती, तर आरंभीची ठेव चोवीस हजारांची लागली असती, कारण तिसऱ्याच महिन्यात फी उभी राहते. जुलैमध्ये आरंभ केला असता तर एक रुपयाही जादा लागला नसता. प्रत्येक घराने आपले बारा महिने एका कागदावर असे उतरवावे, दर महिन्याची शिल्लक पुढे ओढावी आणि ती सर्वांत खाली कोठे जाते ते पाहावे. शून्याच्या जितकी खाली जाईल, तितकी आरंभीची ठेव. ज्याच्याजवळ ठेव घालायला रक्कम नाही, त्याने त्या सर्वांत खालच्या महिन्याच्या पुढच्या महिन्यापासून सुरुवात करावी.

पैसा ठेवायचा कोठे, यावर पुतण्याशी माझा खरा वाद झाला. तो म्हणाला, "काका, कॅश क्रेडिटवर मी दहा टक्के व्याज भरतो आणि तुम्ही मला तीन टक्क्यांच्या बचत खात्यात पैसे टाकायला सांगता. हे तुम्ही बँकेत असताना कोणाला सांगितले असते का?" प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचेही उत्तर आकड्यातच काढले. आमच्या कागदावरील बारा महिनाअखेरच्या शिलकांची सरासरी साडेबत्तीस हजार येते. व्याजातील फरक सात टक्के. म्हणजे हा निधी दुकानाबाहेर ठेवण्याची किंमत वर्षाला सुमारे दोन हजार दोनशे पंचाहत्तर रुपये. मी ती नाकारली नाही. पण दुकानाच्या खात्यात भरलेली रक्कम मर्यादा सैल करते आणि सैल झालेल्या मर्यादेत आठवड्याच्या आत नवा माल येतो, हे त्यालाही नाकारता आले नाही.

शेवटी दुसऱ्या बँकेत वहिनी व सूनबाई यांच्या संयुक्त नावाने साधे बचत खाते उघडले. त्याला कार्ड घेतले नाही, मोबाइलची सोय घेतली नाही. विम्याचे हप्ते व फी धनादेशाने जातात. आवर्ती ठेव मी मुद्दामच सुचवली नाही. तिला एकच मुदत असते आणि आपल्या खर्चांना पाच. दुकानातून निघणारे वीस हजार उचल म्हणून भांडवल खात्याला नावे पडतात, दुकानाच्या खर्चात नव्हे. घराचा विमा आणि मुलांची फी हा धंद्याचा खर्च नाही, हे येथे पुन्हा लिहितो, कारण अजूनही कित्येक वह्यांत ते तसे दिसते.

2024 च्या पर्युषणात सूनबाईंनी अठाई केली. घरात आनंद होता. पारणे, प्रभावना, साधर्मिक भक्ती आणि त्या उत्साहात घेतलेली एक बोली मिळून खर्च तीसऐवजी पंचावन्न हजारांवर गेला. बोलीची रक्कम थकवायची नाही, हा आपल्याकडचा दंडक आहे आणि तो योग्य आहे. ती त्याच आठवड्यात भरली. निधीत तेव्हा साठ हजार होते, त्यामुळे कोणालाही अडचण जाणवली नाही. एकत्र निधीची ही लबाडी ओळखून ठेवावी. एका खर्चाचे भगदाड त्या खर्चाच्या वेळी दिसत नाही, ते पुढे सरकत जाते. त्या पंचवीस हजारांकडे दुर्लक्ष केले असते, तर दिवाळीला सतरा हजारांची तूट आली असती. ती दुकानातून भागवून तशीच सोडली असती, तर पुढच्या जूनमध्ये फीच्या वेळी पूर्ण पंचवीस हजारांची झाली असती. मग सर्वांनी वाढत्या फीला दोष दिला असता.

वहिनींनी कागद पाहिला आणि त्या वर्षीची दिवाळी पंचवीस हजारांत केली. सोने घेतले नाही, कपडे फक्त मुलांना घेतले. तरीही तळाचे आठ हजार गेलेच होते. ते नोव्हेंबर ते जून अशा आठ महिन्यांत दरमहा एक हजार जादा घालून भरून काढले. जून 2025 मध्ये फी भरल्यावर पासबुकात व्याजाचे काही रुपये सोडले तर शून्य शिल्लक होती. तो शून्य पाहून वहिनींना जेवढे समाधान झाले, तेवढे बँकेतील नोकरीच्या काळात मी मोठ्या ठेवी पाहूनही कोणाला झालेले पाहिले नाही.

आता एक गंमत सांगतो. विमा आणि फी इंग्रजी तारखेने येतात, आपले सण तिथीने येतात. लक्ष्मीपूजन 2023 साली 12 नोव्हेंबरला होते, 2024 साली 1 नोव्हेंबरला, 2025 साली 21 ऑक्टोबरला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते 8 नोव्हेंबरला येते. म्हणूनच आम्ही दिवाळी कागदावर कायम ऑक्टोबरातच धरली आहे. पुतण्याने दिनदर्शिका पाहिली आणि त्याच्या लक्षात आले की या खेपेस दोन दिवाळ्यांच्या मध्ये बाराऐवजी तेरा हप्ते पडतात. म्हणजे वीस हजार जादा! लगीनसराईच्या मालाला ते चालतील, असे त्याने हळूच सुचवले.

वहिनींनी त्याला 2027 ची दिवाळी कधी आहे ते विचारले. 29 ऑक्टोबरला. त्यांनी बोटांवर महिने मोजले: डिसेंबर ते ऑक्टोबर, अकरा हप्ते. पुतण्याने दिनदर्शिका पुन्हा भिंतीवर टांगली.