शेजारी ठेवलेली किल्ली

गावाला जाताना घराची एक किल्ली शेजारी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. कुंड्यांना पाणी घालायचे, आलेले टपाल आत ठेवायचे, एवढ्या कामापुरती ती किल्ली कुणालाच जड होत नाही. पण घरातली माणसे परगावी असताना प्लंबर यायचा असेल, तर तीच किल्ली शेजाऱ्याच्या हातात एकदम वजनदार होते. आता नुसते दार उघडायचे नसते. आलेला माणूस तोच का, तो सांगतो ते काम खरेच गरजेचे आहे का, पैसे किती द्यायचे, भिंत फोडू द्यायची की नाही, असे दुसऱ्याच्या घराचे निर्णय शेजाऱ्याच्या माथी येतात. म्हणून अशा वेळी पाठवायचा निरोप म्हणजे केवळ ‘किल्ली द्या’ एवढी सूचना नव्हे. शेजाऱ्याला एकही निर्णय स्वतः घ्यावा लागू नये, यासाठी तो निरोप असतो.

पुण्यातल्या एका चार मजली सोसायटीतला हा प्रसंग पाहा. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या एक बाई सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नवऱ्याबरोबर नागपूरला गेल्या होत्या. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. ‘‘तुमच्या बाथरूमखाली आमच्या छतातून पाणी ठिबकतंय.’’ परतीचे तिकीट आठवड्यानंतरचे होते आणि सासूबाईंच्या डोळ्यावर अजून पट्टी होती. तेव्हा पुण्यातले काम नागपुरात बसूनच करवून घेणे भाग होते.

बाईंनी प्लंबरला फोन करण्याआधी खालच्या वहिनींना एकच प्रश्न विचारला. ‘‘पाणी दिवसभर सारखं ठिबकतं, की ठरावीक वेळी जास्त?’’ या प्रश्नाला कारण होते. बाथरूममधून खाली पाणी झिरपते ते मुख्यतः दोन वाटांनी. एक वाट सांडपाण्याची, म्हणजे न्हाणी ट्रॅप, त्याच्या भोवतीचा सांधा किंवा फरशीखालचे वॉटरप्रूफिंग. दुसरी वाट टाकीतून नळाकडे येणाऱ्या पाइपची. सांडपाण्याची गळती कुणी बाथरूम वापरले तरच होते. इथे तर घर चार दिवस बंद होते. वहिनींनी सांगितले, सकाळी सात-साडेसातला ठिबकणे वाढते, दुपारी कमी होते आणि संध्याकाळी पुन्हा वाढते. या सोसायटीत वॉचमन गच्चीवरच्या टाकीचे पाणी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढाच वेळ सोडतो. म्हणजे गळती पाण्याच्या वेळेशी बांधलेली होती. दोष पाइपात किंवा नळाच्या सांध्यात असणार, हे तिथेच बरेचसे स्पष्ट झाले. प्लंबरलाही नेमके काय सामान घेऊन यायचे ते सांगता आले.

प्लंबर म्हणाला, गुरुवारी सकाळी अकराला येतो. बाईंनी वेळ बदलून साडेतीनची घेतली. अकराला आला असता तर बाराला काम संपवून निघून गेला असता आणि पाणी येणार पाचला. सांधा गळतो की नाही हे पाणी सुरू झाल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळी गळती दिसली असती, तर काकूंनी काय करायचे? साडेतीनला मात्र पाइपात पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे काम करता येते आणि पाचला वॉचमनने पाणी सोडले की प्लंबरच्या समोरच परीक्षा होते. जिथे पाणी ठरावीक वेळीच सोडतात, तिथे प्लंबरची वेळ पाण्याच्या वेळेच्या तास-दीड तास आधीची असावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता उरला किल्लीचा प्रश्न. ती समोरच्या काकूंकडे होती. बाईंनी घाईत दोन ओळींचा निरोप लिहिला, ‘काकू, गुरुवारी प्लंबर येईल, किल्ली द्याल का?’ पण पाठवण्याआधी त्या काकूंच्या जागी स्वतःला ठेवून त्यांनी तो पुन्हा वाचला. काकू सत्तरीच्या पुढच्या, गुडघे दुखणाऱ्या. जुडग्यातली कोणती किल्ली कुठल्या दाराची, हे त्यांना कसे कळणार? तो वेळेवर आला नाही तर त्यांनी दुपारची झोप सोडून किती वाट पाहायची? त्याने तीन हजार मागितले तर? तो निरोप त्यांनी पुसून टाकला आणि शांतपणे दुसरा लिहिला.

‘काकू, नमस्कार. एक काम सांगते. जमत नसेल तर अगदी मोकळेपणाने सांगा, माझी शाळेतली मैत्रीण येऊ शकेल.

आमच्या बाथरूमचा पाइप गळतो आहे. गुरुवारी दुपारी साडेतीनला प्लंबर येईल. आपल्या इमारतीत नेहमी येणारा तोच. तो फाटकावर आला की वॉचमन मला फोन करेल आणि मग मी तुम्हाला करीन. माझा फोन आल्याशिवाय दार उघडू नका. चारपर्यंत तो आला नाही तर वाट पाहू नका, मी दुसरा दिवस ठरवीन.

लाल दोरा बांधलेली किल्ली बाहेरच्या जाळीच्या दाराची, पिवळी लॅचची. दार ओढले की आपोआप लागते, म्हणून किल्ल्या आत टेबलावर न ठेवता हातातच ठेवा. प्लंबरला किल्ली देऊ नका. दोन्ही खोल्यांना कुलूप आहे, उघडे आहे ते फक्त हॉल, स्वयंपाकघर आणि बाथरूम. हॉलमधली खुर्ची दाराशी ओढून बसा. काका बरोबर असतील तर उत्तमच.

माळ्याखालचा आमचा मेन कॉक बऱ्याच वर्षांचा आहे, घट्ट बसला आहे. तो जोर लावून फिरवू नये. वॉचमनला सांगितले आहे, प्लंबरने हाक मारल्याशिवाय पाच वाजताचे पाणी सोडायचे नाही. गिझरचे बटण बंद आहे, ते बंदच राहू द्या.

सामान आणि मजुरी मिळून दीड हजारापर्यंत जे होईल ते मी त्याला फोनवरून पाठवीन. तुम्ही पैसे देऊ नका. त्याहून जास्त सांगितले किंवा भिंत, फरशी फोडायची म्हणाला, तर काम थांबवून मला फोन लावून द्या. काढलेला जुना भाग ठेवून घ्या.

पाणी सुरू झाल्यावर सांधा फडक्याने कोरडा पुसून खाली वर्तमानपत्र ठेवायला सांगा. अर्ध्या तासाने कागद कोरडा असला की त्याला जाऊ द्या. जाताना दोन्ही दारे लावून मला एवढेच कळवा, ‘दार लागले, किल्ली माझ्याकडे.’

यातले काही चुकले, काही मोडले, तरी ते तुमच्यावर नाही. सर्व मी पाहून घेईन.’

निरोप लांबला खरा, पण त्यातले एकही वाक्य वायफळ नाही. काकांनी तो मोबाइलवरून मोठ्या अक्षरात कागदावर उतरवला आणि फ्रिजला चिकटवला. आणखी एक गोष्ट बाईंनी मुद्दाम पाळली. निरोप फक्त काकूंना पाठवला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला नाही. घर रिकामे आहे आणि किल्ली कुणाकडे आहे, हे साऱ्या इमारतीला सांगण्याचे कारण नव्हते.

गुरुवारी प्लंबर पावणेचारला आला. फ्लशच्या टाकीला पाणी देणारा अँगल कॉक त्याने सोडवला, तर त्याच्यामागे भिंतीत गेलेला लोखंडी निपल आट्यांपाशी गंजून बारीक चिरलेला. पाणी भिंतीच्या आतून उतरत फरशीखाली जात होते, म्हणून वर बाथरूम कोरडे आणि खाली छत ओले. निपल बाहेर काढताना तुटून अर्धा आत राहिला. ‘‘एक टाइल फोडावी लागेल,’’ प्लंबर म्हणाला.

नेमका हाच तो क्षण, जिथे शेजारी अडकतो. ‘हो’ म्हटले तर दुसऱ्याची भिंत फुटते, ‘नाही’ म्हटले तर काम अर्धवट राहते. काकूंनी दोन्ही केले नाही. कागदावरच्या ओळीवर बोट ठेवले आणि फोन लावून प्लंबरच्या हातात दिला. बाईंनी त्याला विचारले, एकच टाइल ना? तुटका भाग काढण्याच्या अवजाराने प्रयत्न केला का? त्याने केला होता. मग त्यांनी परवानगी दिली आणि बाल्कनीतल्या माळ्यावर जुन्या टाइल्सचा खोका आहे, त्यातली एक घे, असे सांगितले. नवा पितळी निपल, नवा कॉक आणि मजुरी मिळून चौदाशे रुपये झाले. टाइल बसवण्याचे काम मात्र बाईंनी परत आल्यावर करायचे ठेवले, कारण ओली भिंत आधी वाळायला हवी होती आणि सांधा काही दिवस डोळ्यांसमोर राहिला तर बरेच.

सव्वापाचला पाणी सोडले. पावणेसहाला वर्तमानपत्र कोरडे होते. सहा वाजता काकूंचा निरोप नागपूरला पोचला, ‘दार लागले, किल्ली माझ्याकडे. जुना नळ पिशवीत ठेवला आहे.’

तरी एक फोन बाकी होता. सांधा दुरुस्त झाला तरी स्लॅबमध्ये मुरलेले पाणी एक-दोन दिवस ठिबकत राहते. हे ठाऊक नसले की खालचे लोक ‘काम नीट झालेच नाही’ म्हणतात आणि तक्रार पुन्हा काकूंच्या दाराशी येते. बाईंनी त्याच संध्याकाळी खालच्या वहिनींना ते समजावून सांगितले. ठिबकणे दिवसागणिक कमी व्हायला हवे आणि पाण्याच्या वेळी वाढायला नको, तेवढे पाहा, आणि काही वाटले तर काकूंना नको, मला फोन करा. तिसऱ्या दिवशी वहिनींनी कळवले की छताला डाग राहिला आहे, पण खाली ठेवलेली बादली कोरडी आहे.