चारीतलं पाणी कोण मोजतं?

पाण्याची आकारणी एकरावर होती तोवर चारीतून किती पाणी आलं, याची फिकीर कुणी करत नव्हतं. 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी घनमीटरवर मोजून द्यायचं ठरलं आणि चारीच्या तोंडाशी काहीतरी मोजणारं बसवणं आलं. आमच्या पवनी तालुक्यात गोसीखुर्दसारखं मोठं धरण आहे, पण शेतकऱ्याचा हिसाब होतो तो हातभर रुंदीच्या चारीत.

आमच्या कोंढ्याकडच्या एका चारीवर व्ही-नॉच आहे. म्हणजे लोखंडी पत्रा आडवा बसवलेला आणि त्यात काटकोनात कापलेली खाच. खाचेच्या टोकापासून पाणी किती वर चढलं ते पट्टीवर वाचायचं आणि तक्त्यातून प्रवाह काढायचा. मी नववीच्या मुलांना घेऊन तिथे गेलो, कारण त्यामागचं सूत्र त्यांच्या आवाक्यातलं आहे:

Q = 1.38 × H^2.5

H मीटरमध्ये, Q सेकंदाला घनमीटर. उंची 20 सेंमी असेल तर सेकंदाला सुमारे 24.7 लिटर. 21 सेंमी असेल तर 27.9. एका सेंटिमीटरने तेरा टक्के फरक! बारा तासांच्या पाळीत हा फरक सुमारे 138 घनमीटर होतो. बांधीत पाच सेंमी पाणी धरलं तर पाऊण एकराच्या आतबाहेर. त्यामुळे पट्टीचं शून्य खाचेच्या टोकाशी बरोबर जुळलेलं हवं. आणि पट्टी पत्र्याला चिकटून नको, कारण तिथे पाण्याची पातळी आधीच खाली झुकलेली असते. उंचीच्या चौपट अंतर मागे, म्हणजे इथे ऐंशी सेंमीवर, ती लावायची.

पण आमच्या चारीचा खरा त्रास वेगळाच निघाला. धानाचा मुलूख सपाट. खालच्या बांध्या भरल्या की चारीत पाणी तुंबतं आणि पत्र्याच्या पलीकडे वर चढतं. व्ही-नॉचला पाणी खाचेतून मोकळं पडावं लागतं, धारेखाली हवा खेळावी लागते. आम्ही गेलो त्या दिवशी अलीकडे 20 सेंमी आणि पलीकडे खाचेच्या टोकाच्या वर 15 सेंमी पाणी होतं. तक्ता म्हणतो 24.7 लिटर. पण अशा बुडालेल्या खाचेतून प्रत्यक्षात 19 लिटरच्या आसपासच पाणी जातं. बारा तासांत सुमारे 240 घनमीटर पाणी कागदावर आलं, बांधीत आलंच नाही. बिल मात्र कागदावरच्या पाण्याचं.

एका मुलीने विचारलं, "सर, मग पत्रा वर उचलायचा ना?" उचलता येतो, पण तेवढी अलीकडची पातळीही वाढते आणि चारीचे काठ फुटतात. शिवाय पत्र्याच्या मागे गाळ साचतो. गाळाने खोली कमी झाली की पाणी वेगात खाचेवर येतं आणि तक्ता उलट कमी दाखवतो. तेव्हा फायदा शेतकऱ्याचा, म्हणून तक्रार कुणीच करत नाही.

अशा जागी व्हेंचुरी फ्ल्यूम बरा. त्यात अडवणारा पत्रा नाही. चारीच्या दोन्ही भिंती आत येतात, मध्ये अरुंद गळा होतो आणि पुढे पुन्हा रुंदावतात. गळ्यात पाण्याचा वेग वाढतो, पुढे उसळी येते. ही उसळी दिसते तोवर खालचं पाणी वरच्या पातळीला हात लावू शकत नाही, म्हणून एकाच पट्टीवर काम भागतं. आपल्याकडे याला स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम म्हणतात. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यासाठी इंग्लिस यांनी 1928 मध्ये त्यावर टिपण लिहिलं होतं, म्हणजे गोष्ट नवी नाही.

15 सेंमी गळ्याच्या फ्ल्यूमला 24.7 लिटरसाठी साधारण 21.5 सेंमी उंची लागते. गळ्याचा तळ खाचेच्या टोकाच्याच पातळीवर धरला, तर पलीकडचं 15 सेंमी पाणी म्हणजे सत्तर टक्के. नीट बांधलेला फ्ल्यूम साधारण पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत तग धरतो. अलीकडे पाणी जेमतेम दीड सेंमी जास्त चढतं, पण हिसाब खरा राहतो. उंचीतल्या एका सेंमीची चूक इथे सात टक्क्यांवर येते. गाळही बहुतेक वाहून जातो.

मात्र फ्ल्यूमला गवंडी चांगला लागतो. गळा 15 ऐवजी 16 सेंमी झाला तर प्रत्येक पाळीला सहा-सात टक्के पाणी कागदाबाहेर जातं, आणि पत्र्यासारखं ते काढून बदलता येत नाही. अगदी बारीक धार मोजायला तर व्ही-नॉचच चांगला, तिथे फ्ल्यूमची पट्टी हलतही नाही.

चारीवर जाणाऱ्याने टेप सोबत न्यावा. गळा तळाशी आणि वर, दोन्हीकडे मोजावा. मग खाली बघावं: उसळी दिसत नसेल, पाणी सरळ गुळगुळीत जात असेल, तर त्या दिवसाची नोंद वहीत "बुडालेला" अशीच करून घ्यावी आणि पलीकडच्या पाण्याची उंचीही लिहून ठेवावी.