बोथ्याहून बोथेलला

बोथ्याचा घाट पावसाळ्यात बोलका असतो. बुलढाण्याहून खामगावला जाताना रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून उतरतो, तिथे श्रावणात वळणावळणाला एखादा नाला खळखळत सोबतीला येतो. दिवाळीपर्यंत त्यांतले बरेचसे मुके होतात आणि संक्रांतीला उरतात नुसते गोटे. माझी सगळी नोकरी हे गोटे बघण्यात गेली. मृदसंधारणाच्या कामावर होतो. अनगड दगडांचे बांध, गॅबियन, माती नाला बांध आणि पाऊस ओसरला की सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून घातलेले वनराई बंधारे. धावत्या पाण्याला चालायला लावायचं, चालत्याला थांबवायचं आणि थांबलेलं मुरवायचं, एवढाच आमचा धंदा.

निवृत्तीनंतर मुलीकडे गेलो. सिएटलच्या उत्तरेला, बोथेल नावाच्या गावात. बोथ्याचा माणूस बोथेलला आला, यावर घरात दोन दिवस विनोद चालले. तिथल्या विद्यापीठाच्या आवारातून नॉर्थ क्रीक नावाचा ओढा वाहतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मुद्दाम पूर्ववत केलेली मोठी पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात संध्याकाळी हजारो कावळे तिथे मुक्कामाला उतरतात. मी कावळे बघायला म्हणून जायचो. पण पहिल्याच आठवड्यात नजर खिळली ती झाडांच्या बुंध्यांवर. मनगटाएवढे, मांडीएवढे बुंधे गुडघ्याच्या उंचीवर तुटलेले आणि टोकं अशी निमुळती, की जणू कोणी शिसपेन्सिली तासून ठेवल्यात. खाली भुशाऐवजी बोटभर लांबीच्या ढलप्या.

मुलगी म्हणाली, "बाबा, हे बीव्हरचं काम."

बीव्हर म्हणजे उंदराच्याच कुळातला, पंधरा ते तीस किलोचा, चपट्या शेपटीचा प्राणी. त्याचे पुढचे दात नारिंगी असतात, कारण त्यांच्या कवचात लोह असतं. ते जन्मभर वाढत राहतात आणि लाकडावर झिजत राहतात. तो मासे खात नाही. झाडाची कोवळी साल, पानं आणि पाणवनस्पती हे त्याचं अन्न. तो दिसला मात्र नाही. तो रात्रीचा कामगार. मला दिसला त्याचा बांध, आणि त्यापाशी मी किती वेळ उभा राहिलो ते मुलीला विचारा.

सवयीनं मी आधी सांडवा शोधला. सांडवा नव्हता. फांद्या एकमेकींत अडकवलेल्या, तळाशी गोटे, वरच्या अंगाला चिखलाचा लेप, आणि पाणी बांधाच्या सबंध लांबीवरून, शिवाय त्याच्या पोटातूनही, केसांच्या बटांसारखं झिरपत होतं. आमच्या तपासणीत असा बांध क्षणात नापास झाला असता. मग लक्षात आलं की गळणं हीच त्याची सोय आहे. पाण्याचा सगळा जोर एका जागी एकवटतच नाही. माझा पहिला वनराई बंधारा मी पोतं पोत्याला घट्ट बसवून, फटी लिंपून घातला होता. अवकाळीच्या एका सरीनंतर पाणी त्याच्या बगलेतून काठ खरवडत निघून गेलं आणि पोती सुक्यात ताठ उभी राहिली. चूक माझीच होती.

बीव्हर बांध घालतो तो भीतीपोटी. जमिनीवर तो बेढब आणि मंद. लांडगा, अस्वल, प्यूमा यांना आयता सापडतो. पाण्यात मात्र त्याला सहजासहजी कोणी गाठू शकत नाही. म्हणून ओढा अडवून तो डोह करतो, डोहात किंवा काठावर काटक्यांचं घर रचतो आणि घराचं दार पाण्याखाली ठेवतो. पाणी पसरलं की झाडंही जवळ येतात, पोहत जाऊन तोडता येतात. थंड प्रदेशात तो हिवाळ्याची बेगमी म्हणून फांद्या डोहाच्या तळाशी रोवून ठेवतो आणि वर बर्फ धरला तरी खालून जेवत राहतो. या सगळ्यासाठी पाण्याची पातळी राखावी लागते. पातळी उतरल्याची खबर त्याला कान देतात. स्वीडनच्या लार्स विल्सन या अभ्यासकानं पाळलेल्या बीव्हरांना ध्वनिक्षेपकावरून नुसता वाहत्या पाण्याचा आवाज ऐकवला, तर त्यांनी पाणी नसलेल्या ठिकाणी, त्या आवाजापाशीच काटक्या रचल्या. खळखळ ऐकली की त्याला बसवत नाही. घाटातल्या ज्या आवाजानं आम्ही खूश होतो, तो त्याच्या लेखी बिघाडाचा आवाज.

आता त्या डोहात कोण राहायला येतं आणि कोणाला निघावं लागतं, ते पाहा. वेगाच्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारे, भरपूर प्राणवायू लागणारे किडे आधी जातात, कारण त्यांच्या दगडांवर गाळाची साय धरते. त्यांच्या जागी संथ पाण्यातले येतात, चतुरांच्या अळ्या, पाणभुंगे. बेडकांना अंडी घालायला वाहून न जाणारं पाणी मिळतं. कोहो जातीच्या साल्मनची पिल्लं समुद्राकडे निघण्यापूर्वी साधारण वर्षभर गोड्या पाण्यात काढतात. हिवाळ्यातल्या लोंढ्यांत त्यांना अशा डोहांचाच आडोसा असतो. मुळाशी पाणी साचून काठची झाडं उभ्या उभ्या मरतात. ती मेली की सुतारपक्षी त्यांना भोकं पाडतात, त्या ढोल्यांत झाडावर घरटं करणारी बदकं शिरतात, आणि वाळक्या शेंड्यांवर बगळे काटक्या रचतात. पाणमांजरं डोहात मासे धरतात आणि बीव्हरच्या सोडलेल्या घरात बिऱ्हाड करतात.

काही वर्षांनी आवाक्यातली खाण्याजोगी झाडं संपतात. बीव्हरचं कुटुंब निघून जातं, बांधाची डागडुजी थांबते, तो फुटतो आणि डोह रिता होतो. मागे राहतो वर्षानुवर्षांचा साचलेला काळा गाळ. त्यावर गवताचं कुरण उगवतं, हरणं चरायला येतात. तोवर ओढ्यावर दुसरीकडे नवा डोह झालेला असतो. म्हणजे एकाच ओढ्याच्या काठी वाहतं पाणी, डोह, दलदल, कुरण आणि जंगल अशा पाच परींची वस्ती एकाच वेळी नांदते. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत हे मोजून पाहिलंय. 2002 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात बीव्हरमुळे ओढ्याकाठच्या सबंध पट्ट्यात झाडोऱ्याखालच्या वनस्पतींच्या जाती 33 टक्क्यांहून जास्त वाढलेल्या आढळल्या. एकट्या डोहाकाठी जातींची रेलचेल असते असं नाही. बेरीज वाढते ती डोहाकाठची मंडळी आणि ओढ्याकाठची मंडळी वेगळी असतात म्हणून.

अशा प्राण्याला कळीची प्रजाती म्हणतात. हा शब्द इंग्रजीत आला तो कमानीवरून. कमानीच्या माथ्यावरचा पाचरीसारखा दगड काढला, तर बाकीचे कितीही वजनदार असोत, खाली येतात. रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञानं 1963 पासून, बोथेल ज्यात येतं त्याच वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला, मकाह उपसागराच्या किनाऱ्यावर, खडकाच्या एका पट्टीवरचे तारामासे उपटून समुद्रात फेकायचा सपाटा लावला. बाकी काही केलं नाही. तारामासे काळ्या शिंपल्यांना खात. ते गेल्यावर शिंपल्यांनी खडक व्यापत नेला आणि तिथल्या पंधरा जातींच्या आठ झाल्या. 1969 मध्ये त्यानं या कल्पनेला नाव दिलं. कळीचा कोण, हे संख्येवर किंवा आकारावर ठरत नाही. तो काढला तर संख्येच्या मानानं किती पडझड होते, ही कसोटी. जंगलभर साग आहे म्हणून साग कळीचा होत नाही. जंगल त्याचंच आहे, तो गेल्यावर पडझड होणारच. आमच्या नाल्याकाठचा उंबर मात्र त्या पंगतीत बसेल, कारण बाकी झाडं रिकामी असतात तेव्हाही कुठला ना कुठला उंबर लगडलेला असतो आणि हरियल, तांबट, वानर, वटवाघळं त्याच्यावर दिवस काढतात. तारामासा, उंबर हे खाण्या-खिलवण्याच्या नात्यातून कळीचे झाले. बीव्हर घर बांधण्यातून झाला.

त्याला काढून पाहण्याचा प्रयोग कोणी शास्त्रज्ञानं केला नाही, टोप्यांनी केला. त्याच्या लोकरीच्या नमद्याची टोपी युरोपात प्रतिष्ठेची होती. 1670 मध्ये हडसन्स बे कंपनी निघाली ती प्रामुख्यानं या कातड्यांसाठी, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत खोरीच्या खोरी रिकामी झाली. बांध सांभाळणारा गेला, बांध फुटले, मोकळं पाणी वेगानं धावलं, ओढे खोल चिरत गेले आणि काठची भूजलपातळी उतरली. हे वाचताना मला परदेशातलं काही वाचतोय असं वाटेना. खोल चिरलेला नाला आणि काठावरची कोरडी विहीर मी ओळखतो.

परत आल्यावर गावात पारावर हे सांगितलं, तर एक जण म्हणाला, "आना ना मंग एक जोडी, भाऊ." आणू नये. 1946 मध्ये अर्जेंटिनानं कातड्याच्या धंद्यासाठी वीसेक बीव्हर कॅनडातून नेऊन दक्षिण टोकाच्या बेटावर सोडले. तिथे त्यांना खाणारं कोणी नव्हतं. आणि तिथली लेंगा झाडं तोडल्यावर उत्तरेतल्या वाळुंजांसारखी बुंध्यातून फुटत नाहीत. हजारोंनी वाढलेल्या त्या प्राण्यांनी ओढ्याकाठची जंगलं मारली. आता त्यांना हटवायला पैसा लागतो आहे. दात तेच, बांध तोच. पण त्याच्यासोबत वाढलेलं रान तिथे नव्हतं.

मग आम्ही आमच्या जुन्या नाल्यावर, गाव आणि रान यांच्या मधे, एका बंधाऱ्याऐवजी कमरेच्या खालचे तीन छोटे बंधारे घातले, थोड्या थोड्या अंतरावर. पोती लिंपली नाहीत, वरून सगळीकडे सारखं झिरपू दिलं, आणि दोन्ही बगला काठात हातभर खोल घुसवल्या. मार्गशीर्षात वरच्या पाण्यात बेडकांची पोरं दिसली, मग ढोकरी आली, खंड्या आला. रोही पाण्यावर येऊ लागले तेव्हा शेजारच्या हरभऱ्याचा मालक माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. त्याचा राग खोटा नव्हता. पूर्वी मधल्या खडकावर गोट्याखाली खेकडे मिळायचे, तिथे आता गाळ आहे आणि खेकडे नाहीत.

पोती उन्हानं विरतात, गुरं तुडवतात, पोरं एखादं ओढून काढतात. बीव्हर हे रोज रात्री बघतो. आमच्याकडे सध्या ते काम गावातली दोन पोरं आणि एक निवृत्त माणूस करतात, दर रविवारी सकाळी. आणि पोळ्यानंतर रिकामी पोती गोळा करायची आहेत, कोणाच्या घरी पडली असतील तर द्यावीत.